ґ हे अक्षर १९९० मध्ये परतले. टंकित मजकुरात ते टिकते कसे?

७ जुलै १९३३ रोजी खारकीव्ह शहरात मिकोला स्क्रिप्निक या ज्येष्ठ बोल्शेविक नेत्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो सोव्हिएत युक्रेनचा शिक्षणमंत्री होता. त्याच्यावर ठेवलेल्या आरोपांच्या यादीत राष्ट्रवादाचा आरोप होता, आणि त्या आरोपाच्या पुराव्यांत एक अक्षर होते: ґ. १९२७ मध्ये खारकीव्हला भरलेल्या परिषदेतून तयार झालेल्या आणि १९२८ मध्ये स्क्रिप्निकने मंजूर केलेल्या शुद्धलेखन नियमावलीत या अक्षराला मानाचे स्थान होते. आंद्री ख्विल्या या पक्षनेत्याने या नियमावलीवर हल्ला चढवला. ती युक्रेनियन भाषेला रशियनपासून मुद्दाम दूर नेते, असा त्याचा दावा होता. १९३३ च्या नव्या नियमावलीतून ґ वगळण्यात आले. पुढे १९३८ मध्ये ख्विल्यालाही गोळ्या घालण्यात आल्या. अक्षर मात्र १९९० पर्यंत अधिकृत वर्णमालेबाहेरच राहिले.

हा इतिहास पुष्कळदा सांगितला जातो आणि १९९० पाशी सुखान्त होऊन संपतो. तो तिथे संपत नाही. ज्यांना आज युक्रेनियनमध्ये भाषांतर करायचे असते, किंवा जुना युक्रेनियन मजकूर टंकित करायचा असतो, त्यांच्या कळफलकावर आणि संगणकाच्या आतल्या तक्त्यांमध्ये १९३३ चा निर्णय अजून जागोजागी सापडतो. म्हणून या अक्षरांची शुद्धता जपणे हे मुद्रितशोधनाचे किरकोळ काम मानू नये. त्याला साधनचिकित्सेचा दर्जा द्यावा, असे या धाग्याचे म्हणणे आहे.

प्रथम अक्षरांची ओळख. युक्रेनियन वर्णमालेत ३३ अक्षरे आहेत. त्यांपैकी ґ, є, і, ї ही चार आजच्या रशियन वर्णमालेत नाहीत. є चा उच्चार ‘ये’, і चा ‘इ’ आणि ї चा ‘यि’. कीव्हचे नाव Київ असे लिहिले जाते, त्यातले तिसरे अक्षर हेच ї. आता г आणि ґ. मराठी वाचकाला हा फरक रशियन वाचकापेक्षा लवकर कळेल, कारण मराठीत दोन्ही ध्वनी आहेत. युक्रेनियन г म्हणजे जवळजवळ आपला ‘ह’, आणि ґ म्हणजे ‘ग’. रशियनमध्ये ‘ह’ नाही. तिथे г हाच ‘ग’. म्हणजे १९३३ मध्ये ‘ग’चे चिन्ह काढून घेतले गेले आणि ‘ह’च्या चिन्हावर दोन्ही ध्वनींचा भार टाकला गेला. आपल्या वर्णमालेतून कोणी ‘ग’ काढून ‘गंगा’ हा शब्द ‘हंहा’ असा लिहायला लावला, आणि उच्चार संदर्भावरून ओळखा म्हणून सांगितले, तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. ґ तसे जुने अक्षर आहे. मेलेटी स्मोत्रित्स्कीच्या १६१९ सालच्या व्याकरणात ते आढळते. सोव्हिएत सत्तेबाहेरच्या युक्रेनियन प्रकाशकांनी ते कधी सोडलेच नाही.

आता तक्त्यांकडे वळू. संगणक अक्षर साठवतो ते क्रमांक म्हणून, आणि कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक हे ठरवणाऱ्या तक्त्याला संकेतसारणी म्हणतात. १९८८ मध्ये सिरिलिक लिपीसाठी ISO 8859-5 ही आंतरराष्ट्रीय सारणी प्रसिद्ध झाली. तीत і, ї, є आहेत, ґ नाही. सारणी करणाऱ्यांचा कोणताही कट नव्हता. त्या वर्षी अधिकृत युक्रेनियन वर्णमालेत ते अक्षर नव्हतेच. अवघ्या दोन वर्षांनी ते परत आले आणि ही सारणी त्या भाषेसाठी अपुरी ठरली. डॉसच्या काळात सर्रास वापरली जाणारी ८६६ क्रमांकाची सारणी आणखी चमत्कारिक होती: तीत ї आणि є होते, पण ґ नव्हते आणि і देखील नव्हते. लॅटिन i डोळ्यांना अगदी तसाच दिसतो, म्हणून लोकांनी तोच वापरला. ती सवय सारणी गेल्यावरही उरली. युनिकोडमध्ये आज सर्व चारही अक्षरांना स्वतंत्र जागा आहेत, त्यामुळे साठवण्याची अडचण संपली. टंकण्याची संपली नाही.

विंडोजच्या नेहमीच्या युक्रेनियन कळफलकाची मांडणी पाहिली की इतिहासाचा एक थर दिसतो. रशियन मांडणीत जिथे ы आहे तिथे युक्रेनियनमध्ये і आहे. Ъ च्या जागी ї, э च्या जागी є. रशियनची तीन अक्षरे युक्रेनियनला नकोत, युक्रेनियनची तीन रशियनला नकोत, त्यामुळे अदलाबदल सोपी झाली. चौथ्या अक्षराला मात्र रिकामी कळ उरली नाही. ґ काढायचे तर उजवी Alt कळ दाबून ठेवून г दाबावा लागतो. मोबाईलवर बहुधा г वर बोट थोडा वेळ दाबून धरावे लागते. या एका जास्तीच्या श्रमामुळे ґ आजही गळते, आणि गळाले तर शुद्धलेखन तपासनीस दर वेळी ओरडत नाही.

उदाहरण घेऊ. ґрати म्हणजे तुरुंगाचे गज. Грати म्हणजे खेळणे किंवा वाजवणे. ґніт म्हणजे दिव्याची वात. Гніт म्हणजे जुलूम. भाषांतरात ‘गजांआड’ लिहायचे होते आणि घाईत ґ ऐवजी г पडला, तर उरलेला शब्दही कोशातलाच आहे. तांबडी रेघ येणार नाही. म्हणून जाणते भाषांतरकार तपासनिसावर विसंबत नाहीत. ґ असलेले शब्द फार नाहीत. नेहमीच्या वापरातल्या अशा शब्दांची छोटी यादी जवळ ठेवतात आणि काम संपल्यावर त्यांची г ने लिहिलेली रूपे मजकुरात शोधतात. ґанок (घराचा ओटा), ґрунт (माती), ґудзик (गुंडी), ґава (कावळा) अशी ती यादी असते. सापडलेला प्रत्येक грати डोळ्यांनी वाचावा लागतो: इथे कोणी खेळते आहे की कोणी कैदेत आहे?

हीच कृती जुन्या मजकुरावर केली तर मात्र घात होतो, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी नेमके इथे थांबावे. समजा, १९५० च्या दशकात कीव्हमध्ये छापलेल्या पुस्तकातील उतारा टंकित करायचा आहे आणि त्यात ‘गजांआड’ या अर्थी грати छापले आहे. ती त्या छापखान्याची चूक नाही. त्या काळचा नियमच तसा होता. तिथे ґ घालून ‘दुरुस्ती’ करणे म्हणजे कागदपत्रातला पुरावा पुसणे. उलट १९२९ च्या पुस्तकात кляса असे आढळले तर आजच्या клас प्रमाणे ते बदलू नये. तीच तर स्क्रिप्निकच्या नियमावलीची खूण आहे. एकच टंकन आजच्या भाषांतरात अशुद्ध आणि उद्धृतात शुद्ध ठरते. संपूर्ण फाईलवर एका झटक्यात ‘शोधा आणि बदला’ चालवणारे लोक हा फरक नकळत नष्ट करतात. काही भाषांतरकार आधी सर्व उद्धृतांना वेगळी शैली देतात आणि बदल त्या शैलीबाहेरच्या मजकुरापुरते मर्यादित ठेवतात. थोडा वेळ जातो, पण तो दिलाच पाहिजे.

विशेषनामांत एक निवड करावी लागते. २०१९ च्या नियमावलीनुसार परकीय व्यक्तिनामांतला ‘ग’ दोन प्रकारे लिहिता येतो: г ने किंवा ґ ने. जर्मन कवी गटे Гете होतो आणि Ґете देखील. आपल्या गांधींचे नावही Ганді आणि Ґанді असे दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. पहिले रूप युक्रेनियन वाचक ‘हांदी’ असे वाचतो. ґ वापरलेले रूप अधिक प्रामाणिक वाटते, पण नियम दोन्हींना जागा देतो. तेव्हा एका पुस्तकात एकच रूप ठेवणे आणि नामसूचीत ते पहिल्याच दिवशी नोंदवणे, एवढी शिस्त पुरते.

आता अधिक कपटी प्रकार: लॅटिन i. सिरिलिक і चा युनिकोड क्रमांक U+0456, लॅटिन i चा U+0069. छापलेल्या पानावर दोन्हींत तिळमात्र फरक नाही. फरक पडतो तो शोधताना. історія म्हणजे इतिहास. त्यातला पहिला वर्ण लॅटिन असेल तर ग्रंथालयाच्या यादीत історія शोधणाऱ्याला ते पुस्तक मिळणारच नाही, आणि का मिळत नाही हे पडद्याकडे कितीही वेळ पाहून कळणार नाही. जुनी पुस्तके स्कॅन करून त्यांतून मजकूर काढणारी प्रणाली रशियन भाषेसाठी लावलेली असेल तर ती і ओळखतच नाही. I, 1 किंवा l असे जे सुचेल ते घालते आणि ґ च्या जागी बिनदिक्कत г लिहिते.

हा दोष पकडण्याची रीत सोपी आहे: एकाच शब्दात सिरिलिकला चिकटून लॅटिन अक्षर आले आहे का, ते शोधायचे. मजकुरातील नमुने शोधण्याची सोय ज्या संपादकात आहे त्यात ही ओळ चालते:

```
[а-яґєії][a-z]|[a-z][а-яґєії]
```

या ओळीत एक गंमत दडली आहे. ‘सगळी सिरिलिक अक्षरे’ असे म्हणण्यासाठी अनेक जण नुसते [а-я] लिहितात. युनिकोडमध्ये а पासून я पर्यंतच्या पट्ट्यात ३२ अक्षरे आहेत, आणि ती आजच्या रशियनची आहेत (रशियनचे ё सुद्धा बाहेर राहते). युक्रेनियनची चारही खास अक्षरे त्या पट्ट्याबाहेर आहेत. त्यामुळे त्यांची नावे वेगळी घालावी लागतात. न घातली तर तपासणी करणारे साधनच युक्रेनियन शब्दाला मध्येच तोडते. दुसरी मर्यादा अशी की і हा एकाक्षरी शब्दही आहे. त्याचा अर्थ ‘आणि’. दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेला लॅटिन i वरच्या ओळीत सापडत नाही. त्याला स्वतंत्रपणे शोधावे लागते, आणि बहुतेकदा सर्वाधिक चुका तिथेच निघतात.

पट्ट्याबाहेर असण्याचा परिणाम सूचीवरही होतो. автор, ґанок, єпископ, зв'язок, історія, їжак, якір हा सात शब्दांचा योग्य क्रम आहे. भाषेचा नियम न सांगता केवळ क्रमांकांनुसार लावायला सांगितले तर संगणक автор, зв'язок, якір, єпископ, історія, їжак, ґанок असा क्रम देतो. सगळी युक्रेनियन अक्षरे शेवटी, आणि ґ तर सर्वांत शेवटी. मोठ्या अक्षरांचे क्रमांक वेगळे असल्याने पुस्तकाच्या व्यक्तिसूचीत Є ने सुरू होणारी आडनावे А च्याही आधी आलेली दिसली, तर ती सूची भाषा न निवडता लावली गेली आहे, हे पैजेवर सांगता येते.

राहिला अपॉस्ट्रॉफी. तो युक्रेनियनमध्ये अक्षर गणला जात नाही, वर्णानुक्रमात त्याची दखल घेतली जात नाही, पण शब्द त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. मुख्यतः б, п, в, м, ф या ओष्ठ्य व्यंजनांनंतर आणि р नंतर, पुढे я, ю, є, ї यांपैकी एखादे अक्षर आले की तो लागतो. व्यंजन मृदू न करता पुढचा ‘य’ वेगळा उच्चारा, असे तो सांगतो. буряк म्हणजे बीट. तिथे р मृदू होतो. бур'ян म्हणजे तण. तिथे р कठोर राहतो आणि मग ‘य’ ऐकू येतो. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एका रफाराने गुरुजी आणि स्वयंपाकी वेगळे होतात, त्याच जातीची ही खूण आहे. आपल्या त्या ‘ऱ्य’चीही संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवण होते आणि दिसायला सारखे शब्द शोधात जुळत नाहीत, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना पुढचा भाग ओळखीचा वाटेल.

लेव्को लुक्यानेन्को हे नाव घ्या. सोव्हिएत तुरुंगांत आणि हद्दपारीत पाव शतकाहून अधिक काळ काढलेला हा विरोधक. २४ ऑगस्ट १९९१ रोजी मंजूर झालेल्या युक्रेनच्या स्वातंत्र्यघोषणेचा मसुदा करणाऱ्यांत तो प्रमुख होता. त्याचे आडनाव युक्रेनियनमध्ये अपॉस्ट्रॉफीने लिहितात, आणि ते टंकित मजकुरात तीन प्रकारे आढळते:

```
Лук'яненко   U+0027
Лук’яненко   U+2019
Лукʼяненко   U+02BC
```

पहिले चिन्ह कळफलकावरून थेट येते. विंडोजच्या युक्रेनियन मांडणीत ते अंक १ च्या डावीकडच्या कळीवर आहे. दुसरे म्हणजे छपाईतले वळणदार एकेरी अवतरणचिन्ह; लेखन-प्रणाली पहिल्याचे रूपांतर बहुधा आपोआप यात करते. तिसरे हे युनिकोडच्या लेखी अक्षराच्या जातीचे अपॉस्ट्रॉफी आहे. शोधयंत्रणा या तिघांना एक मानत नसेल, तर एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपात साठवलेली कागदपत्रे दिसत नाहीत. व्याचेस्लाव चोर्नोविल या त्याच्या समकालीन विरोधकाच्या पहिल्या नावात, В'ячеслав मध्ये, हाच प्रश्न दुसऱ्याच अक्षरापाशी येतो. याखेरीज ज्यांच्या जुन्या यंत्रावर अपॉस्ट्रॉफी नव्हता त्यांनी त्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह किंवा तारांकन टाकलेलेही आढळते: п"ять, п*ять. अर्थ पाच.

भाषांतराच्या कामात याचा फटका असा बसतो. भाषांतरकार ज्या प्रणालीत काम करतात तिथे ठरलेल्या संज्ञांची सूची जोडलेली असते. सूचीत зв'язок हा शब्द सरळ चिन्हाने आहे आणि मजकुरात वळणदार चिन्हाने, तर प्रणाली ‘ठरलेली संज्ञा वापरली नाही’ असा इशारा देते. असे खोटे इशारे पन्नासदा आले की माणूस इशारे वाचणे सोडून देतो, आणि मग खरी चूक त्याच ढिगात निसटते.

तिघांपैकी कोणते चिन्ह बरोबर? यावर वाद आहे आणि तो व्यर्थ नाही. संगणकाच्या वर्तनाकडे पाहिले तर तिसऱ्याची बाजू बळकट आहे. पायथॉनमध्ये शब्द वेगळे करण्याची नेहमीची आज्ञा दोन रूपांवर चालवून पाहावी:

```
re.findall(r"\w+", "зв'язок")  # ['зв', 'язок']
re.findall(r"\w+", "звʼязок")  # ['звʼязок']
```

पहिल्या रूपात एका शब्दाचे दोन तुकडे झाले. शब्दगणना फुगली, आणि язок नावाचा कोणत्याही कोशात नसलेला शब्द जन्माला आला. वळणदार U+2019 चेही तेच होते. U+02BC ने शब्द अखंड राहतो. ज्या चिन्हाशिवाय शब्द पुरा होत नाही, त्याला संगणकाने अवतरणचिन्ह न मानता शब्दाचा भाग मानावे, हेच तर्कशुद्ध आहे. पण व्यवहार आडवा येतो: काही फॉन्टमध्ये हे चिन्ह नसते आणि शब्दाच्या मधोमध परक्या वळणाचा ठिपका उमटतो, काही तपासनीस त्याला ओळखत नाहीत आणि शुद्ध शब्दाखाली रेघ ओढतात. शिवाय ज्यांना शोधायचे आहे ते सामान्य वाचक कळफलकावरचे सरळ चिन्हच टंकतात.

तेव्हा ज्या संग्रहाचा हेतू पुढे शोधला जाणे हा आहे, म्हणजे दस्तऐवज, कोश, अभिलेखांच्या याद्या, तिथे U+02BC ठेवावे आणि शोधयंत्रणेला तिन्ही रूपे एकच मानायला शिकवावे. छापील पुस्तकात प्रकाशकाची रीत असेल तर U+2019 चालवून घ्यावे. काम सुरू असताना मात्र कोणतेही एकच चिन्ह असावे आणि आपोआप रूपांतराची सोय बंद असावी. अंतिम चिन्ह शेवटच्या पायरीवर एकदाच बदलावे. एका फाईलमध्ये दोन रूपे असणे, एवढी एकच गोष्ट कोणत्याही बाजूने समर्थनीय नाही.

अपॉस्ट्रॉफी गळाला आहे का, हे शोधताना ї फार उपयोगी पडते. [бпвмфр] नंतर थेट я किंवा ю आले तर ती चूक असेलच असे नाही; свято (सण), порядок (व्यवस्था), бюро हे शब्द तसेच शुद्ध आहेत, त्यामुळे तिथे प्रत्येक नोंद वाचावी लागते. ї चे तसे नाही. व्यंजनानंतर ї आले तर मध्ये अपॉस्ट्रॉफी असलाच पाहिजे: з'їзд (अधिवेशन), під'їзд (इमारतीचे प्रवेशद्वार). म्हणून पुढच्या ओळीला जे सापडेल ते न वाचताही चूक म्हणून नोंदवता येते:

```
[бвгґджзклмнпрстфхцчшщ]ї
```

ही ओळ चालवण्याआधी एक काळजी घ्यावी. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात ї कधी कधी दोन तुकड्यांत येते: आधी і, मग वर बसणारे दोन ठिपके, U+0308. दिसायला तेच अक्षर, पण वरच्या ओळीला ते सापडत नाही. й चेही असेच विघटन होते. युनिकोडच्या NFC या प्रमाण रूपात मजकूर एकदा बदलून घेतला की तुकडे जुळतात. ґ आणि є यांना हा धोका नाही. युनिकोडमध्ये ती अखंडच आहेत.